स्पेसर टाकला, जाड ऑइल भरलं, तरी पुढचे शॉकअप नीट का चालत नाहीत?

प्रश्न: माझी १५० सीसीची गाडी आहे, माझं वजन ९२ किलो. ब्रेक मारला की पुढचं तोंड खूप खाली बसायचं, आणि ब्रेकवर असताना खड्डा आला की खाडकन आदळायचं. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअपमध्ये स्प्रिंगवर एकेक इंचाचा पाइपचा तुकडा टाकला आणि जाड ऑइल भरलं. आता गाडी कमी बसते, पण बारीक खड्ड्यांत मनगटं बधिर होतात आणि स्पीडब्रेकर उतरताना टक् असा आवाज येतो. स्प्रिंग जास्तच कडक झाली का? ऑइल अजून जाड टाकू की पातळ?

उत्तर: स्प्रिंग अजिबात कडक झालेली नाही. ती आधी जेवढी होती तेवढीच आहे. टक् आवाज पाइपच्या तुकड्याचा आहे आणि मनगटाचा त्रास ऑइलचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. आधी पाइपच्या तुकड्याकडे बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

कोणत्याही कॉइल स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या यांवर. वरून पाइप ठेवल्याने यातलं काहीच बदलत नाही. ०.७ किलोची स्प्रिंग म्हणजे तिला प्रत्येक मिलिमीटर दाबायला ०.७ किलो जोर लागतो. पहिल्या मिलिमीटरलाही तेवढाच आणि शंभराव्यालाही तेवढाच. पाइपमुळे एवढंच होतं की टोपी आवळताना स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. हाच प्रीलोड. हाताने टोपी बसवताना जो जोर लावावा लागतो, तो वाढला म्हणून स्प्रिंग कडक झाली असं वाटतं. गॅरेजमध्ये हा समज इतका पक्का बसलाय की मी स्वतःही शिकाऊ असताना दोन-तीन वर्षं तेच मानत होतो.

तुमच्या गाडीचंच गणित मांडतो. आकडे अंदाजी आहेत, पण या वर्गातल्या गाडीला धरून आहेत. शॉकअपच्या दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही नळ्यांत, ०.७ ची स्प्रिंग, म्हणजे दोन्ही मिळून १.४ किलो प्रति मिलिमीटर. शॉकअपची एकूण चाल १३० मिमी. तुम्ही गाडीवर बसल्यावर शॉकअपच्या रेषेत साधारण ९१ किलो भार येतो असं धरू. कंपनीचा प्रीलोड २० मिमी. ९१ भागिले १.४ म्हणजे ६५ मिमी. त्यातले २० मिमी आधीच दाबलेले आहेत, म्हणून तुम्ही बसल्यावर शॉकअप ४५ मिमी खाली बसेल. या बसण्याला सॅग म्हणतात.

आता मध्यम ब्रेक मारा. भार पुढे सरकतो. शिवाय टेलिस्कोपिक शॉकअप मागे कललेला असल्यामुळे रस्त्याचा मागे ओढणारा जोरही काही प्रमाणात नळीच्या रेषेत आत ढकलतो, म्हणून या रचनेत तोंड बसणं थोडं तरी असणारच. समजा, सगळं मिळून ७० किलो वाढले. ७० भागिले १.४ म्हणजे ५० मिमी. शॉकअप ४५ वरून ९५ वर गेला, मागे ३५ मिमी चाल शिल्लक राहिली.

आता एक इंचाचा, म्हणजे २५ मिमीचा तुकडा आत टाका. प्रीलोड ४५ झाला. तुम्ही बसल्यावर सॅग ६५ वजा ४५, म्हणजे २० मिमी. ब्रेक मारला, तेच ७० किलो, तीच १.४ ची स्प्रिंग, आणि तेच ५० मिमी. शॉकअप २० वरून ७० वर गेला. बसणं तेवढंच राहिलं, फक्त सुरुवात २५ मिमी वरून झाली. तळाशी आता ६० मिमी शिल्लक राहतात, त्यामुळे आदळणं थांबलं, हे खरं. पण ती जागा वरून उसनी घेतली आहे.

आणि वरची जागा फुकटची नसते. रस्ता फक्त वर येत नाही, खालीही जातो. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा शॉकअपला लांब व्हावं लागतं, नाहीतर चाक हवेत राहतं. तुमच्याकडे लांब व्हायला फक्त २० मिमी उरलेत. स्पीडब्रेकरच्या उतारावर पुढचं चाक त्याहून जास्त खाली जाऊ पाहतं, नळी पूर्ण बाहेर येते आणि वरच्या थांब्यावर आपटते. तुमचा टक् तोच. त्या थांब्यावर छोटी स्प्रिंग असते म्हणून तो धातूवर धातू आपटण्याइतका मोठा नसतो, पण हँडलमध्ये स्पष्ट कळतो. याची खात्री स्वतः करून बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचलू द्या, मग हँडलवर जोर देऊन शॉकअप दाबा आणि एकदम सोडा. आवाज तोच असेल. आवाज नळीतून न येता हँडलच्या मध्यातून आला आणि पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकलल्यावरही आला, तर मात्र हँडल ज्यावर फिरतं तो बॉल रेसर ढिला आहे. तो आधी बघा, कारण ढिल्या रेसरवर शॉकअपची कोणतीच तपासणी खरी निघत नाही.

प्रीलोडचं काम एवढंच: चालीच्या कोणत्या जागेवर गाडी उभी राहील ते ठरवणं. रस्त्यावरच्या गाडीला तुम्ही बसलेले असताना एकूण चालीच्या साधारण ३० ते ३५ टक्के सॅग योग्य. १३० मिमीला म्हणजे ३९ ते ४५. तुमचा कंपनीचा सॅग या पट्ट्याच्या ४५ च्या टोकाला होता, पण पट्ट्याबाहेर नव्हता. म्हणजे तुमची मूळ अडचण प्रीलोडची नव्हतीच. ९२ किलोच्या माणसाला स्प्रिंगच नरम पडत होती. प्रीलोड वाढवून तोंड वर उचललं की गाडीच्या वळण्यावरही फरक पडतो. पुढून २५ मिमी उचलली गेल्याने हँडलचा कोन जास्त तिरका होतो आणि गाडी वळणात शिरायला आळशी होते. घाटात हे तुम्हाला जाणवलं असेल, पण त्याचं कारण टायर किंवा हवा असं काहीतरी वाटलं असेल.

सॅग मोजायची रीत सोपी आहे, पण घाईने मोजली तर १० मिमीची चूक सहज होते. आतल्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधा, जास्त घट्ट नको, हाताने सरकेल इतका. पहिलं माप चाक जमिनीपासून उचललेलं असताना घ्या: डस्ट सीलच्या ओठापासून वरच्या क्लॅम्पच्या खालच्या कडेपर्यंत. समजा ते १६० मिमी आलं. आता पूर्ण पेहरावात, हेल्मेट आणि नेहमीची बॅग घेऊन बसा. मित्राला मागून गाडी सरळ धरू द्या, दुसऱ्याला माप घेऊ द्या. त्याने तोंड थोडं वर उचलावं आणि अलगद सोडावं, तिथे माप घ्यावं. मग तोंड खाली दाबावं आणि अलगद वर येऊ द्यावं, तिथे पुन्हा माप घ्यावं. ही दोन मापं कधीच सारखी येत नाहीत, कारण सील आणि बुश नळीला धरून ठेवतात. समजा १२२ आणि ११२ आली. मधलं ११७ धरा. १६० वजा ११७, सॅग ४३.

त्या दोन मापांतला फरकही महत्त्वाचा आहे. १० मिमीच्या आसपास असेल तर शॉकअप मोकळा चालतोय. २० च्या पुढे असेल तर कुठेतरी अडकतंय, आणि अडकणाऱ्या शॉकअपवर स्प्रिंग आणि ऑइल बदलण्यात वेळ घालवू नका. बहुतेक वेळा दोष चाक बसवताना झालेला असतो. पंक्चरवाल्याने एक्सल आवळला, क्लॅम्पचा बोल्टही लगेच आवळला, आणि दोन्ही पाय एकमेकांकडे किंचित ओढले गेले. एक्सलचा नट आवळल्यावर बाजूच्या पायातला क्लॅम्पचा बोल्ट ढिलाच ठेवा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा जोरात दाबा, पाय आपोआप आपल्या जागी येतो, आणि मग तो बोल्ट आवळा. या एका कामाने फरक २२ वरून ११ वर आलेला मी अनेकदा पाहिलाय.

आता ऑइल. तुमच्या मनगटाचा प्रश्न इथे आहे, आणि मला हा भाग जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे झालेली चूक दिसत नाही.

स्प्रिंग फक्त जोर साठवते. दाबली की परत सोडते, आणि थांबवणारं कोणी नसेल तर गाडी चेंडूसारखी उसळत राहील. ते थांबवणं ऑइलचं काम. बारीक छिद्रांतून ऑइल ढकलताना हालचालीची ताकद उष्णतेत बदलते, हेच डॅम्पिंग. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर१२ वर ऑइलचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक शॉकअप आणला. तुमच्या गाडीतला शॉकअप बराच सुधारलेला असला तरी नळीत नळी, आत स्प्रिंग आणि ऑइल ही कल्पना तीच आहे.

तुमच्या प्रकारच्या साध्या शॉकअपमध्ये बाहेरच्या भांड्याच्या तळाला एक पोकळ दांडा बोल्टने बसवलेला असतो. त्याला डॅम्पर रॉड म्हणतात. दांड्याच्या खालच्या भागात काही मोठी छिद्रं, वरच्या टोकाजवळ एक-दोन बारीक छिद्रं, आणि डोक्यावर एक रिंग. चाक वर जातं तेव्हा नळी भांड्यात शिरते आणि ऑइल खालच्या मोठ्या छिद्रांतून दांड्यात जातं. हे कॉम्प्रेशन. त्याच वेळी नळीच्या तळातली एकमार्गी वॉशर उचलून काही ऑइल दांड्याच्या भोवती, रिंगच्या खालच्या जागेतही शिरतं. स्प्रिंग नळीला परत बाहेर ढकलते तेव्हा ती वॉशर बंद होते, अडकलेलं ऑइल वरच्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडू शकतं, म्हणून परतीचा प्रवास मुद्दाम हळू होतो. हे रिबाउंड.

या रचनेची एक जन्मजात मर्यादा आहे. छिद्राचा आकार ठरलेला असतो. ठरलेल्या छिद्रातून ऑइल दुप्पट वेगाने ढकलायचं तर जोर दुप्पट पुरत नाही, साधारण चौपट लागतो. वेग पाचपट, तर जोर पंचवीसपट. आता रस्त्यावर या. ब्रेक मारल्यावर तोंड बसतं ते तुलनेने सावकाश. पण पेव्हर ब्लॉकची उचललेली कड किंवा पुलावरचा लोखंडी सांधा चाकाला क्षणात वर फेकतो, तिथे नळीचा वेग ब्रेकच्या वेळेपेक्षा दहापटही होऊ शकतो. म्हणजे हा शॉकअप जिथे धरून ठेवायला हवा तिथे ढिला असतो आणि जिथे मोकळं सोडायला हवं तिथे अडून बसतो. तुमच्या गॅरेजवाल्याने ब्रेकवरचं बसणं रोखायला ऑइल जाड केलं. तिथे थोडा फायदा झाला, म्हणजे बसायला जरा वेळ लागू लागला. शेवटी बसते तेवढीच, कारण डॅम्पिंग फक्त वेग बदलतं, थांबायची जागा स्प्रिंग ठरवते. पण कडेवरचा अडथळा, जो आधीच जास्त होता, तो आणखी वाढला. ऑइल वेळेत निघून जाऊ शकत नाही, नळी क्षणभर दांड्यासारखी ताठ होते, आणि धक्का सरळ हँडलमधून मनगटात जातो.

जाड ऑइलची दुसरी खोड आणखी फसवी आहे. त्याचा मोठा परिणाम परतीवर होतो, कारण तिथली छिद्रं लहान. एकामागून एक खड्डे आले की शॉकअप पहिल्या खड्ड्यातून पूर्ण वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळी थोडा खाली राहत राहत तो चालीच्या खालच्या भागात अडकून बसतो, जिथे स्प्रिंग बरीच दाबलेली असते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप कडक आहे. खरं तर तो वर येऊच शकत नाहीये. याची खूण अशी: टोल नाक्याआधीच्या रंबलर पट्ट्यांवर पहिल्या दोन-तीन पट्ट्या ठीक जातात आणि पुढच्या जास्त जास्त कडक लागत जातात. पहिल्या पट्टीपासूनच सारखा कडकपणा असेल तर दोष कॉम्प्रेशनचा. पुढे पुढे वाढत असेल तर रिबाउंडचा.

उभ्या गाडीवरही अंदाज येतो. पुढचा ब्रेक न धरता हँडल खाली जोरात दाबा आणि हात सैल करा. तोंड एका दमात वर यावं, आपल्या जागेच्या किंचित वर जाऊन परत त्या जागी थांबावं. दोन-तीनदा झुललं तर रिबाउंड कमी आहे. डिंकातून येत असल्यासारखं सावकाश आलं तर जास्त आहे. पहाटेच्या गारव्यात आणि दुपारी दोन्ही वेळा करून बघा. जाड ऑइलमध्ये फरक ठळक कळेल.

तुमच्या शॉकअपमध्ये नेमकं काय भरलंय ते गॅरेजवाल्याला विचारा. माझी शंका आहे की उरलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल असेल, कारण ही प्रथा सर्रास आहे. इंजिन ऑइलची जाडी इंजिनाच्या गरम तापमानासाठी ठरवलेली असते. शॉकअपमधलं ऑइल तेवढं तापतच नाही, ते तीस-चाळीस अंशांवर काम करतं. ४० अंशांना शॉकअपसाठीचं नेहमीचं १०डब्ल्यू फोर्क ऑइल साधारण ३० ते ४५ सेंटिस्टोकचं असतं, आणि २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल शंभराच्या बरंच पुढे जातं. म्हणजे तिप्पट-चौपट जाड. दोन्ही डब्यांवर डब्ल्यू दिसतो म्हणून ते एकाच मापाचे होत नाहीत. फोर्क ऑइलमध्येसुद्धा एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूपेक्षा जाड असू शकतं, तेव्हा डब्यावर ४० अंशांचा सेंटिस्टोकचा आकडा छापला असेल तर तोच वाचा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे ऑइल लिहिलंय तेच सुरुवातीला भरा. त्यापेक्षा जाड नको.

आता मूळ दुखण्यावर इलाज: स्प्रिंग. दोन्ही मिळून १.४ ऐवजी १.६, म्हणजे एका पायाला ०.८ ची स्प्रिंग घातली तर काय होतं बघा. ९१ भागिले १.६ म्हणजे ५७ मिमी. ३८ मिमी सॅग हवा तर प्रीलोड १९. मध्यम ब्रेकला ५० ऐवजी ४४ मिमी, म्हणजे शॉकअप ८२ वर. जोरात ब्रेक मारून ११० किलो वाढले असं धरलं तर फरक जास्त दिसतो: जुन्या स्प्रिंगवर ४५ अधिक ७९, म्हणजे १३० पैकी १२४. त्याच क्षणी खड्डा आला तर आदळणारच, तुमचं तेच होत होतं. नव्या स्प्रिंगवर ३८ अधिक ६९, म्हणजे १०७. तळाशी २३ मिमी राहतात, आणि वर लांब व्हायला ३८ आहेतच. पाइपच्या तुकड्याने वरची जागा विकून खालची घेतली होती. इथे दोन्ही मिळाल्या. स्प्रिंग एवढी वाढवली तरी तिला आवरायला डॅम्पिंग जेमतेम ७ टक्के जास्त लागतं, म्हणून जाड ऑइलची गरज उरत नाही. या सगळ्या हिशेबात आतल्या कोंडलेल्या हवेचा जोर धरलेला नाही. त्याकडे पुढे येतो.

तयार कडक स्प्रिंग तुमच्या गाडीला मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर कापून कडक करता येते, कारण कडकपणा मोकळ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीची स्प्रिंग ३५० मिमी लांब, ४० मोकळी वेटोळी, तार ४ मिमीची होती. खालून पाच वेटोळी काढली. ४० भागिले ३५ म्हणजे १.१४. ०.७ ची ०.८ झाली. लांबी साधारण ४४ मिमी कमी होऊन ३०६ राहिली, तेवढी भर पाइपच्या तुकड्याने काढायची, त्यातला प्रीलोडचा एक मिलिमीटर वजा. इथे एक तपासणी चुकवू नका. ३५ वेटोळी पूर्ण चिकटली की उंची १४० मिमी होते. ३०६ वजा १४०, म्हणजे १६६ मिमी दाबता येते. आपल्याला लागतात चालीचे १३० आणि प्रीलोडचे १९, म्हणजे १४९. १७ मिमी मोकळे राहतात, चालेल. हा आकडा शून्याजवळ आला तर स्प्रिंग तळाला पोहोचण्याआधीच चिकटेल आणि तो धक्का आदळण्यापेक्षा वाईट असतो. एका टोकाला वेटोळी जवळजवळ असतील तर कापायची ती त्या टोकाची. ग्राइंडरच्या पातळ चकतीने, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत कापा. गॅस कटर लावू नका, तापलेल्या भागाचं पाणी उतरतं. कापलेलं टोक जाड सपाट वॉशरवर बसवा, नाहीतर ते पाइपमध्ये खाच पाडून प्रीलोड खात राहतं.

स्प्रिंग किती किलोची आहे हे कोणी सांगत नसेल तर घरचा वजनकाटा घ्या, ड्रिल स्टँडखाली ठेवा, स्प्रिंगच्या आत दांडा घाला म्हणजे ती वाकणार नाही, आणि बरोबर ३० मिमी दाबा. काट्यावर २१ किलो आले तर ०.७ ची.

राहिली हवा. ऑइलच्या वर नळीत हवा कोंडलेली असते आणि शॉकअप दाबला की तीही दाबली जाते. पहिल्या अर्ध्या चालीत तिचा जोर नगण्य असतो, शेवटच्या तिसऱ्या भागात झपाट्याने वाढतो. म्हणून ब्रेकवर सगळं ठीक आहे पण मोठ्या खड्ड्यात अजून तळाला लागतं, एवढीच तक्रार उरली तर स्प्रिंगला हात न लावता ऑइलची पातळी थोडी वाढवायची. माप असं घ्यायचं: स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, आणि नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंतची रिकामी उंची. समजा पुस्तकात १५० मिमी दिलीय. एका वेळी ५ मिमीने कमी करा आणि चालवून बघा. मी एकदा माझ्याच गाडीत एकदम ३० मिमी कमी केली होती. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना डावं सील फाटलं, ऑइल डिस्कवर आलं आणि पुढचा ब्रेक जवळपास गेला. तेव्हापासून मी मिलिलिटर मोजून भरत नाही, दोन्ही पायांत पातळी मोजूनच भरतो. जुनं ऑइल आत किती चिकटून राहिलं ते मिलिलिटरमध्ये कळत नाही, आणि दोन पायांत १० मिमीचाही फरक नको.

भरल्यावर नळी हळूहळू दहा-बारा वेळा वरखाली करा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग दहा मिनिटं उभी ठेवून पातळी घ्या. लगेच घेतलेलं माप फसवं असतं. आणि टोपी उघडताना काळजी घ्या: पुढचं चाक अधांतरी हवं, वरचा क्लॅम्प ढिला हवा, आणि शेवटचे दोन आटे राहिले की टोपीवर तळहाताने जोर द्या, तोंड त्या रेषेत आणू नका. तुमच्या ४५ मिमी प्रीलोडला प्रत्येक पायात तिच्यामागे ३० किलोहून जास्त जोर उभा आहे.

डॅम्पर रॉडवर बसणाऱ्या एम्युलेटरबद्दल पुढे कधी विचारालच, म्हणून थोडक्यात सांगतो. एम्युलेटर म्हणजे स्प्रिंगच्या दाबाने धरलेला छोटा व्हॉल्व. तो दांड्याच्या डोक्यावर बसतो, दांड्याची खालची छिद्रं मोठी करून निकामी करतात, आणि कडेवरचा वेगवान धक्का आला की व्हॉल्व उघडून ऑइलला वाट देतो, त्यामुळे वर सांगितलेली जन्मजात मर्यादा बरीच निघून जाते. पण तो स्प्रिंगची चूक दुरुस्त करत नाही, म्हणून त्याचा नंबर स्प्रिंगनंतर.

तुम्ही या क्रमाने करा. आधी एक्सलचा क्लॅम्प सैल करून पाय जुळवा. मग पाइपचा तुकडा काढा, जाड ऑइल पूर्ण काढून आतून एकदा पातळ फोर्क ऑइलने धुवा, पुस्तकातलं ऑइल पुस्तकातल्या पातळीला भरा आणि सॅग मोजा. माझ्या अंदाजाप्रमाणे टक् आणि मनगटाचा त्रास इथेच संपेल आणि ब्रेकवर बसणं परत येईल. त्यानंतर स्प्रिंग ०.८ ची करा, ३८ ते ४० सॅग येईल इतकाच तुकडा ठेवा. केबल टाय नळीवरच राहू द्या. नेहमीच्या रस्त्यावर आठवडाभर चालवून बघा तो कुठे थांबतो. सगळ्यात मोठ्या खड्ड्यानंतर तो तळापासून १० ते १५ मिमी अलीकडे उभा असेल तर शॉकअप पूर्ण काम करतोय. तळाला टेकलेला दिसला तर हवेची उंची ५ मिमी कमी करा, आणि ३० मिमी वरच राहिला तर तेवढीच वाढवा.